वूफरला एक ॲम्प, ट्वीटरला दुसरा: बाय-ॲम्पिंग कधी करावं आणि कसं करावं

स्पीकरच्या पाठीमागे दोनऐवजी चार टर्मिनल दिसली की बहुतेकांच्या मनात एकच विचार येतो: दुसरा ॲम्प आणून जोडला तर आवाज सुधारेल. दुकानदारही मान डोलावतो. पण ॲम्प दोन झाले यापेक्षा खर्ज वूफरला आणि वरचे स्वर ट्वीटरला वाटून देणारा क्रॉसओव्हर कुठे बसलाय याला जास्त महत्त्व आहे. तो ॲम्पच्या नंतर, म्हणजे स्पीकरच्या खोक्यातच राहिला, तर दुसऱ्या ॲम्पवर घातलेले पैसे बहुतांशी वाया जातात. तो ॲम्पच्या आधी आणला, तर तेच दोन ॲम्प खरंच वेगळं काम करू लागतात. या दोन गोष्टींना एकच नाव पडल्यामुळे बराच गोंधळ होतो.

पॅसिव्ह बाय-ॲम्पिंगमध्ये नेमकं काय होतं

चार टर्मिनलच्या स्पीकरमध्ये आत क्रॉसओव्हरचे दोन तुकडे असतात: वूफरचा कॉइल-कपॅसिटरचा भाग आणि ट्वीटरचा भाग. बाहेरच्या दोन पितळी पट्ट्या त्यांना जोडून ठेवतात. पट्ट्या काढल्या की प्रत्येक भागाला स्वतंत्र ॲम्प लावता येतो.

पण दोन्ही ॲम्पच्या इनपुटला संपूर्ण गाणंच जातंय. ट्वीटरच्या ॲम्पवरही खर्जाचे मोठे व्होल्टेज उभे राहतात. त्यातून करंट वाहत नाही एवढंच, कारण पुढचा कपॅसिटर तो अडवतो. ॲम्प फुटतो, म्हणजे क्लिप होतो, तो मुख्यतः व्होल्टेज संपल्यामुळे. ते व्होल्टेज दोन्हीकडे सारखंच संपतं, त्यामुळे हाती येणारा फायदा थोडा असतो. एव्ही रिसीव्हरमधला बाय-ॲम्पचा पर्याय निवडला तर तोही कमी होतो, कारण सगळे चॅनल एकाच पॉवर सप्लायवर जगत असतात. फुकट आहे म्हणून करून पाहायला हरकत नाही, मात्र त्यासाठी नवा ॲम्प विकत घेऊ नका.

आणि करून पाहणार असाल तर आधी पट्ट्या काढा, लाल आणि काळी दोन्ही. लाल पट्टी राहिली तर दोन ॲम्पची आउटपुट थेट एकमेकांना जोडली जातात आणि त्यातला एखादा जळू शकतो. फक्त काळी राहिली तर साध्या ॲम्पना काही होत नाही. पण हल्ली स्वस्तात मिळणारे टीपीए सिरीजचे क्लास-डी बोर्ड बहुधा ब्रिज जोडणीचे असतात. त्यांचं मायनस टर्मिनल म्हणजे ग्राउंड नव्हे, त्यावरही सिग्नल असतो. असे दोन मायनस एकत्र आले की बोर्ड गेला.

क्रॉसओव्हर ॲम्पच्या आधी आणल्यावर

ॲक्टिव्ह पद्धतीत सिग्नल आधी विभागला जातो. खर्ज एका ॲम्पकडे, वरचे स्वर दुसऱ्याकडे, आणि ॲम्पच्या आउटपुटपासून वूफरपर्यंत नुसती तार. मध्ये कॉइल नाही, रेझिस्टर नाही.

ताकदीचा हिशोब असा. समजा एका क्षणी खर्जाला २० व्होल्टचं शिखर हवं आहे आणि वरच्या स्वरांनाही २० व्होल्टचं. एकाच ॲम्पमधून दोन्ही गेले की शिखरं एकमेकांवर चढतात आणि ४० व्होल्ट लागतात. ८ ओहमवर ४० व्होल्टचं शिखर देणारा ॲम्प म्हणजे १०० वॉटचा. तेच काम वाटून दिलं तर २० व्होल्ट देणारे, म्हणजे २५ वॉटचे दोन ॲम्प पुरतात. पुस्तकात आणि जाहिरातीत हेच उदाहरण सापडतं आणि ते खोटं नाही, पण ती कमाल मर्यादा आहे. विभागणी काही शे हर्ट्झवर असेल तरच दोन्हीकडे साधारण बरोबरीचं काम येतं. घरगुती टू-वे स्पीकरमध्ये विभागणी दोन-अडीच हजार हर्ट्झवर असते. तिथे ट्वीटरच्या वाट्याला ताकदीचा छोटासा भाग येतो आणि फायदाही त्याच प्रमाणात आटतो.

घरच्या सिस्टिममध्ये मला दुसरे फायदे जास्त मोलाचे वाटतात. पहिला असा की वूफरचा ॲम्प एखाद्या ढोलाच्या ठोक्यावर क्लिप झाला तरी त्यातून निघालेली कर्कश हार्मोनिक्स ट्वीटरपर्यंत पोचतच नाहीत. दुसरा तापण्याचा. जोरात वाजवताना व्हॉइस कॉइल तापते आणि तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. १०० अंशांनी तापली तर जवळपास ४० टक्के. पॅसिव्ह क्रॉसओव्हरची आकडेमोड त्या रोधावरच बेतलेली असल्यामुळे विभागणी सरकते. ॲक्टिव्ह फिल्टरला स्पीकरचा रोध दिसतच नाही. तिसरा फायदा डिलेचा. ट्वीटरला मिलिसेकंदाच्या शंभराव्या भागाइतकं थांबवणं डिजिटल प्रोसेसरमध्ये एका आकड्याचं काम आहे, तर कॉइल-कपॅसिटरने ते करणं म्हणजे नसती उठाठेव.

मग कुणी करावं?

विभागणी जितकी खाली, तितकं ॲक्टिव्हचं पारडं जड. १०० हर्ट्झवर ८ ओहमच्या वूफरसाठी साधा १२ डीबीचा पॅसिव्ह फिल्टर करायचा तर सुमारे १८ मिलिहेन्रीची कॉइल आणि १४० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. तेवढ्या कॉइलचं तांबं आणि तिचा स्वतःचा रोध बघितला की वेगळा ॲम्प स्वस्त वाटू लागतो. सबवूफरला स्वतःचा ॲम्प असतो तो याच कारणाने, आणि ८० हर्ट्झच्या आसपास सिग्नल आधीच कापून मुख्य स्पीकरना दिला तर तेही ॲक्टिव्ह बाय-ॲम्पिंगच होतं. बऱ्याच घरांत एवढ्यावर थांबणंच शहाणपणाचं.

दुसरी जागा म्हणजे कार्यक्रमांचे स्पीकर. तिथे हॉर्नचा ड्रायव्हर वूफरपेक्षा सहज १० डीबी जास्त कार्यक्षम असतो. पॅसिव्ह जोडणीत तो फरक रेझिस्टरमध्ये उष्णता करून घालवावा लागतो. म्हणूनच मंडपातल्या साउंडवाल्यांच्या रॅकमध्ये बेस आणि टॉपचे ॲम्प आधीपासून वेगळे असतात आणि क्रॉसओव्हरचा डबा त्यांच्या वर बसलेला असतो.

तिसरी जागा: स्वतः स्पीकर बांधणारे. खालची पायरी-पायरीची कृती मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

ज्यांनी करू नये ते म्हणजे चांगल्या कंपनीचे तयार स्पीकर असलेले. त्यांच्या आतला क्रॉसओव्हर फक्त विभागणी करत नाही. ड्रायव्हरच्या आवाजातले उंचवटे दाबणं, खोक्याच्या रुंदीमुळे खर्जात येणारी तूट भरून काढणं, हेही तोच करतो. तो काढून त्या जागी पुस्तकी २४ डीबीचा फिल्टर लावला की स्पीकर आधीपेक्षा वाईट वाजतो. वर वॉरंटीही जाते.

आपलं उदाहरण

साडेसहा इंची वूफर, ८ ओहम, संवेदनशीलता ८७ डीबी. एक इंची डोम ट्वीटर, डीसी रोध ६ ओहम, संवेदनशीलता ९१ डीबी, स्वतःचा रेझोनन्स ९०० हर्ट्झ. खोक्याची रुंदी २० सेंटीमीटर. प्रत्येकी दोन चॅनलचे, ५० वॉटचे, सारखे दोन ॲम्प, आणि विभागणीसाठी दोन इनपुट-चार आउटपुटचा डीएसपी, म्हणजे मिनीडीएसपीसारखा डिजिटल प्रोसेसरचा डबा.

विभागणी कुठे करायची याचं उत्तर ड्रायव्हरच देतात. साडेसहा इंची वूफरचा हलणारा भाग साधारण १३ सेंटीमीटरचा असतो. ध्वनीची तरंगलांबी तेवढी होते सुमारे २,६५० हर्ट्झवर. त्याच्या वर वूफर आवाज पसरवायचा सोडून टॉर्चसारखा समोर फेकू लागतो. खालच्या बाजूने, ट्वीटरला त्याच्या रेझोनन्सच्या दुपटीखाली नेऊ नये, म्हणजे १,८०० ही हद्द. मधली २,२०० हर्ट्झ घेऊ.

फिल्टर लिंकविट्झ-रायली, २४ डीबी प्रति ऑक्टेव्ह. ह्युलेट-पॅकार्डमधले सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांच्या कामातून आलेला हा आराखडा. लिंकविट्झचा त्यावरचा निबंध १९७६ मधला आहे. विभागणीच्या जागी दोन्ही बाजू ६ डीबी खाली असतात आणि एकाच फेजमध्ये असतात, म्हणून बेरीज सपाट येते. इथे ट्वीटरची पोलॅरिटी सरळ ठेवायची. १२ डीबीच्या प्रकारात ती उलटी लागते. दोन्हींत गल्लत करू नका.

पहिली पायरी: ट्वीटरचा रखवालदार

ॲक्टिव्हमध्ये ट्वीटर थेट ॲम्पला जोडलेला असतो. ॲम्प चालू होतानाचा एक ‘धप्’, किंवा डीएसपीवर चुकून चढलेलं भलतंच सेटिंग, आणि ट्वीटर संपला. म्हणून ट्वीटरच्या सिरीजमध्ये एक नॉन-पोलर कपॅसिटर कायमचा ठेवावा. तो विभागणीच्या बराच खाली काम करणारा हवा. ८०० हर्ट्झ धरलं तर:

```
C = 1 / (2 × π × f × R)
  = 1 / (2 × 3.14 × 800 × 6) ≈ 33 µF
```

३३ मायक्रोफॅरड, १०० व्होल्ट. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘नॉन-पोलर’ म्हणून मागितला की मिळतो. फिल्म प्रकारातला परवडत असेल तर उत्तम. ट्वीटरच्या रेझोनन्सजवळ याने आवाजात किंचित फरक पडतो, पण पुढची सगळी मापं कपॅसिटर लावूनच घ्यायची आहेत, त्यामुळे तो हिशोबात येतोच.

दुसरी पायरी: जोडणी आणि आवाजाच्या पातळ्या

एक ॲम्प दोन्ही वूफरसाठी आणि दुसरा दोन्ही ट्वीटरसाठी ठेवा. एकेका स्पीकरला एकेक ॲम्प देण्याचीही पद्धत आहे आणि पॉवर सप्लायच्या दृष्टीने ती बरी, पण आपल्याला ट्वीटरच्या ॲम्पची पातळी वेगळी खाली आणायची आहे.

का ते पाहू. ५० वॉट म्हणजे ८ ओहमवर २० व्होल्ट. ॲम्पचं गेन २० पट असेल तर १ व्होल्ट इनपुटवरच तो पूर्ण ताकदीला पोचतो. अशा डीएसपीचं आउटपुट २ व्होल्टपर्यंत जातं. म्हणजे ६ डीबी इथेच जास्तीचे आहेत, आणि वूफरकडेही तेवढेच उतरवायचे. शिवाय ट्वीटर ४ डीबी जास्त संवेदनशील आहे. आणि २० सेंटीमीटर रुंदीच्या खोक्यात सुमारे ५७५ हर्ट्झच्या आसपासपासून खाली आवाज मागे वळून जाऊ लागतो. ती तूट भरायला आपण वूफरचा वरचा भाग ४ डीबीने उतरवणार आहोत. तेव्हा ट्वीटरही आणखी ४ उतरला पाहिजे. एकूण १४ डीबी.

हे १४ डीबी डीएसपीत आकडा टाकून उतरवता येतात, पण मग ट्वीटरमधून सतत ‘स्स्स’ ऐकू येईल. डीएसपीच्या आउटपुटची स्वतःची खरखर तेवढीच राहते आणि ॲम्प ती २० पट करून ट्वीटरला देतो. पॅसिव्ह स्पीकरमध्ये वाटेतला रेझिस्टर तीही दाबत असे. म्हणून उतार ॲम्पच्या तोंडाशी द्यायचा: सिग्नलच्या वाटेत १० किलोओहम आणि त्यापुढे ग्राउंडला ३.३ किलोओहम, म्हणजे साधारण १२ डीबी कमी, आणि खरखरही तेवढीच कमी. ॲम्पला व्हॉल्यूमची खुंटी असेल तर तिनेही हेच काम होतं, फक्त जागा पक्की करून वर चिकटपट्टी लावा. उरलेले एक-दोन डीबी मापं घेऊन डीएसपीत.

तिसरी पायरी: ट्वीटर न जोडता खात्री

ट्वीटरच्या तारा अजून मोकळ्याच. आधी दोन्ही ॲम्पच्या आउटपुटवर मल्टिमीटरने डीसी पाहा. काही मिलिव्होल्ट चालतील, पन्नासच्या वर गेले तर तो ॲम्प ट्वीटरला लावू नका. मग २२० हर्ट्झचा सूर वाजवा. वूफरच्या चॅनलवर २ व्होल्ट एसी दिसत असतील तर ट्वीटरच्या चॅनलवर जवळपास शून्य दिसायला हवा, कारण विभागणीच्या दहाव्या भागावर हा फिल्टर ८० डीबी खाली असतो. तिथेही व्होल्ट दिसले तर चॅनल उलटे लागलेत किंवा फिल्टर `Bypass` वर आहे. २,२०० हर्ट्झवर मात्र मल्टिमीटरवर विसंबू नका, बरेच स्वस्त मीटर तेवढ्या वर एसी नीट मोजत नाहीत.

नंतर एखादा अडगळीतला जुना स्पीकर ट्वीटरच्या तारांना लावून गाणं वाजवा. नुसता चिरका, खर्ज नसलेला आवाज आला की खरा ट्वीटर जोडायला हरकत नाही.

चौथी पायरी: मोजमाप

मोजायच्या माइकशिवाय हा उद्योग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कानाने विभागणी जुळवतो म्हणणारे लोक बहुतेक वेळा आवडीचा एक दोष निवडत असतात. यूएसबीचा कॅलिब्रेटेड माइक आणि रूम इक्यू विझर्ड हे मोफत सॉफ्टवेअर एवढं पुरे.

स्पीकर खोलीच्या मध्यावर, ट्वीटर जमिनीपासून एक मीटर उंच, माइक त्याच उंचीवर एक मीटर समोर. जमिनीवरून उसळून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा सुमारे १.२ मीटर जास्त चालतो, म्हणजे ३.६ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मापाची खिडकी त्याच्या आत ठेवली की खोली बाहेर राहते. मात्र त्यामुळे सुमारे ३०० हर्ट्झखालचं माप भरवशाचं राहत नाही. आपली विभागणी २,२०० वर असल्याने चालून जातं.

आता वूफर एकटा, मग ट्वीटर एकटा मोजा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. डीएसपीत २४ डीबी निवडलं म्हणून हवेत २४ डीबीचा उतार मिळत नाही. ट्वीटर स्वतःच ९०० हर्ट्झखाली १२ डीबीने उतरतो, वूफरलाही वर कुठेतरी स्वतःचा उतार आणि एखादा उंचवटा असतो. हे आणि फिल्टर मिळून जी वक्ररेषा होते ती लिंकविट्झ-रायलीशी जुळली पाहिजे. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरचे उंचवटे आधी इक्वलायझरने बसवा, वूफरला वरच्या बाजूचा तो ४ डीबीचा उतार द्या, आणि मग फिल्टरची फ्रिक्वेन्सी थोडी इकडेतिकडे सरकवत मोजलेली रेषा लक्ष्यरेषेवर आणा. कधी डीएसपीतला आकडा २,००० होतो, कधी २,५००. पडद्यावरच्या आकड्यापेक्षा हवेतली रेषा खरी.

पाचवी पायरी: डिले आणि उलट्या पोलॅरिटीची परीक्षा

सपाट फळीवर लावलेल्या वूफरचा आवाज त्याच्या शंकूच्या खोलीतून, ट्वीटरच्या थोडा मागून निघतो. आपल्या जोडीत तो २५ मिलिमीटर मागे आहे असं धरू. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर, म्हणजे ०.०७३ मिलिसेकंद. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण २,२०० हर्ट्झची तरंगलांबी १५६ मिलिमीटर आहे. २५ मिलिमीटर म्हणजे ५८ अंशांचा फेजफरक.

गंमत अशी की सरळ मापात हा दोष जवळजवळ लपून राहतो. ५८ अंश चुकले तरी बेरजेत जेमतेम १.२ डीबीचा खळगा पडतो, आणि माणूस समाधानाने माइक आवरून ठेवतो. प्रत्यक्षात आवाजाचा मुख्य झोत उशिरा येणाऱ्या ड्रायव्हरकडे, म्हणजे वूफरच्या बाजूने खाली झुकलेला असतो. सोफ्यावर बसलं की एक आवाज आणि उभं राहिलं की दुसरा, ही त्याची खूण.

म्हणून ट्वीटरच्या चॅनलला `Invert` द्या आणि पुन्हा मोजा. आता विभागणीच्या जागी दोन्ही आवाज एकमेकांना खोडणार. वेळ बरोबर असेल तर तिथे खोल दरी दिसते, २५-३० डीबीची. आपल्या ५८ अंशांच्या चुकीत उलट आणि सरळ मापातला फरक अवघा ५ डीबी निघेल. मग ट्वीटरला ०.०७ मिलिसेकंदाचा डिले द्या आणि ०.०१ च्या पावलांनी पुढेमागे करत दरी सर्वांत खोल होईल तिथे थांबा. दरी २,२०० च्या आजूबाजूला आणि दोन्हीकडे साधारण सारखी दिसली पाहिजे. वेळ जुळूनही ती खोल जात नसेल तर पातळ्या तपासा. नुसत्या १ डीबीच्या फरकाने दरी २५ डीबीच्या आसपास अडते. झालं की `Invert` काढायला विसरू नका.

दरीची खोली माइकच्या उंचीनुसार बदलते, म्हणून शेवटचं माप बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीवर आणि शक्य तितक्या लांबून घ्या.

नंतरची दुखणी

घूं असा आवाज येत असेल तर बहुधा ग्राउंड लूप आहे. दोन ॲम्प, डीएसपी आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, आणि लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज त्याच क्षणी गेला तर चोर सापडला.

व्हॉल्यूम कितीही कमी केला तरी ‘स्स्स’ तेवढाच राहत असेल तर खरखर बहुधा डीएसपीच्या आउटपुटची आहे. दुसऱ्या पायरीतला उतार वाढवा.

चालू करताना आधी डीएसपी, मग ॲम्प. बंद करताना आधी ॲम्प. घरातल्या सगळ्यांना हा क्रम पाठ असेल अशी अपेक्षा धरण्यापेक्षा ॲम्पसाठी वेगळं बटण ठेवा. आणि डीएसपीचं सेटिंग फाइल म्हणून जपून ठेवा, शिवाय प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट. फर्मवेअर अपडेटनंतर डबा कोरा होऊ शकतो आणि चारही आउटपुटला संपूर्ण गाणं जाऊ लागतं. अपडेट करण्याआधी ट्वीटरचा ॲम्प बंद करा, आणि फाइल परत चढवल्यावर तिसऱ्या पायरीतला २२० हर्ट्झचा सूर पुन्हा एकदा वाजवून मगच तो चालू करा.